रंग गहूवर्णी, बांधा मध्यम

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकोन असतो. त्यात एक धूसर छायाचित्र आणि खाली चार ओळी: वय अमुक, उंची अमुक, रंग गहूवर्णी, बांधा मध्यम, अंगात पांढरा सदरा, घरातून कोणास काही न सांगता निघून गेले आहेत. आपण तो चौकोन पाहतो आणि पान उलटतो. २०१६ साली कन्नड भाषेत एक चित्रपट निघाला, त्याचे नावच मुळी या चौकोनातून उचललेले आहे. ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’, म्हणजे गव्हाचा रंग, साधारण बांधा. दिग्दर्शक हेमंत राव. म्हाताऱ्या, विस्मरण जडलेल्या बापाची भूमिका अनंत नाग यांनी केली आहे. बाप हरवतो, आणि त्याचे वर्णन सांगण्याची वेळ येते तेव्हा मुलाच्या ध्यानात येते की, या चार ओळींपलीकडे आपल्याला आपल्या बापाविषयी फारसे काही सांगता येत नाही. आजच्या विषयाचे दार आम्हांला या नावाने उघडून दिले, म्हणून सुरुवात तेथून केली.

आईबापांना जडणाऱ्या विस्मरणाच्या व्याधीवरचे चित्रपट हा आजचा विषय. रहाटणीसारख्या ठिकाणी त्यावर बोलावे असे आम्हांला का वाटले, ते वेगळे सांगावयास नको. पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथील कारखान्यांतून पंचवीस-तीस वर्षे पाळ्या करून निवृत्त झालेली पिढी आता येथील इमारतींतून राहते आहे. भारतातील साठीपुढच्या माणसांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शेकडा सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंशाची व्याधी असल्याचा अंदाज आहे. समोरच्या खुर्च्यांकडे पाहिले तर हा आकडा कोणाच्या तरी घरचा आहे, हे उघड आहे.

या व्याधीवर चित्रपट निघू लागले ते फार उशिरा, आणि त्याला कारण आहे. ज्या गोष्टीला आजार म्हणून नाव नाही, तिची कथा होत नाही. फार तर विनोद होतो. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने ऑगस्ट नावाच्या एका स्त्रीची हकीकत १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत सांगितली. ती बाई पन्नाशीतली होती, म्हातारी नव्हती. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे हा अकाली येणारा, विरळा रोग होय असेच समजले गेले, आणि सत्तरीतल्या माणसाचे विसरणे म्हणजे केवळ वय, ही समजूत कायम राहिली. आपल्याकडे तर त्यासाठी तयार शब्द होता, म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी म्हटले की चौकशी संपली. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्याला गीतेतून ठाऊक आहे; पण तेथे तो क्रोधातून मोहाकडे आणि मोहातून पुढे उतरणाऱ्या पायरीचा आहे, मेंदूच्या झिजेचा नव्हे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मनात गुंतून बसल्यामुळेच की काय, ‘बाबांनी मन ताब्यात ठेवले असते तर असे झाले नसते’ असे बोलणारी शहाणी माणसे आम्हांला अजूनही भेटतात.

या विषयाला सरळ भिडणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक जपानी आहे. सावाको आरियोशी या लेखिकेची कादंबरी १९७२ साली आली, अफाट खपली, आणि १९७३ साली शिरो तोयोदा यांनी तिचा चित्रपट केला. त्यातील गोष्ट आपल्या कोणत्याही चाळीत घडावी अशी आहे. सासू वारते, आणि सासरा भ्रमिष्ट झाला आहे हे तेव्हा घरच्यांना उमगते. इतके दिवस ती बिचारी झाकून नेत होती. सासरा पोटच्या मुलाला ओळखत नाही. ओळखतो कोणाला, तर सुनेला, जिला त्याने उभ्या आयुष्यात कधी गोड शब्द दिला नव्हता. सून नोकरी करणारी आहे. मुलगा बापाकडे पाहतो आणि त्याला स्वतःचे म्हातारपण दिसते. मग तो नजर वळवतो. रात्री उठणे, रस्त्यावर पळणाऱ्या सासऱ्यामागे धावणे, त्याला न्हाऊ घालणे, सारे सुनेकडे. या चित्रपटात कॅमेरा उंबऱ्यावर उभा आहे. म्हाताऱ्याच्या मनात काय चालले आहे ते तो सांगत नाही; घरात कोण राबते आहे एवढे दाखवतो. पन्नास वर्षांनंतरही तो जुना वाटत नाही, याचा जपानी लोकांना अभिमान वाटावा की आपल्या सर्वांना खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे हा विषय मोठ्या पडद्यावर ठळकपणे आला तो २००५ साली, जानू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ या हिंदी चित्रपटाने. निवृत्त प्राध्यापक उत्तम चौधरी (अनुपम खेर) यांची स्मृती ढळू लागते, आणि गांधीजींचा खून आपल्या हातून झाला या समजुतीने ते पछाडले जातात. मुलगी त्रिशा (उर्मिला मातोंडकर) त्यांना सांभाळते, आणि त्यापायी तिचे ठरत आलेले लग्न मोडते. शेवटी बापाची समजूत पटावी म्हणून एक खोटे न्यायालय उभे केले जाते, साक्षीपुरावे होतात, आणि प्राध्यापकांना निर्दोष सोडले जाते.

वैद्यकाच्या दृष्टीने या चित्रपटात गल्लत आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लहानपणीच्या एका घावामुळे मनात बसलेला भ्रम निराळा आणि मेंदूच्या पेशी झिजून होणारा स्मृतिभ्रंश निराळा. पहिला उकलता येईल. दुसरा खटला जिंकून बरा होत नाही. हा चित्रपट पाहून ‘बाबांच्या मनात काय गाठ आहे ती शोधा, म्हणजे ते पूर्ववत होतील’ अशी आशा धरणाऱ्या मुलीची पुढे फार निराशा होईल. तथापि त्या खोट्या न्यायालयात एक खरी गोष्ट आहे. माणूस ज्या जगात उभा आहे त्या जगात जाऊन त्याच्याशी बोलावे लागते. आपल्या जगातला पुरावा तेथे चालत नाही.

याचे उदाहरण आमच्या शेजारचेच आहे. एक गृहस्थ, कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षे झालेली. पहाटे साडेचारला उठून पायांत बूट घालू लागले. पहिली पाळी, बस चुकेल. सून सांगे, “अप्पा, तुम्ही रिटायर झालात, झोपा.” ते खवळत, कारण त्यांच्या दृष्टीने ही बाई त्यांची नोकरी घालवू पाहत होती. रोज पहाटे भांडण. एके दिवशी ती थकून म्हणाली, “अप्पा, आज गुरुवार आहे.” औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुटी गुरुवारची, हे त्यांच्या हाडांत मुरलेले. “असं होय,” म्हणाले, बूट काढले, चहा मागितला. त्या घरात मग आठवड्याचे सातही दिवस गुरुवार असे. हे खोटे बोलणे झाले काय? सुनेला पहिले काही दिवस ते टोचत होते. आम्हांला वाटते, त्यांचा प्रश्न वाराचा नव्हताच. कामावर हजर राहणारा माणूस आपण अजून आहोत ना, असे ते विचारीत होते, आणि सुटीच्या दिवशी तो माणूस घरी बसला तरी हजेरीत राहतो.

आता मराठीकडे येतो, आणि येथे थोडे रेंगाळणार आहोत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. २०१३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला संवादांसाठी सुमित्रा भावे यांचे आणि साहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांचे, असे दोन सन्मान मिळाले. सुमित्राबाई समाजशास्त्राच्या वाटेने चित्रपटात आल्या. २०२१ साली त्यांचे पुण्यात निधन झाले. या जोडीने त्याआधी ‘देवराई’त स्किझोफ्रेनियासारखा अवघड आजार हाताळला होता. ‘अस्तु’मधील म्हाताऱ्याची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ज्यांनी त्यांना पाहिले असेल त्यांना हेही ठाऊक असेल की, ते व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आहे. असले रुग्ण ज्याने वर्षानुवर्षे समोर बसवून पाहिले, तोच नट येथे रुग्ण झाला आहे.

कथा एवढीच. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. स्मृती विरत चालली आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना मोटारीत बसवून थोड्या वेळासाठी उतरते. रस्त्याने हत्ती जातो. शास्त्रीबुवा खाली उतरतात आणि हत्तीमागून चालू लागतात. मुलगी परत येते तो मोटार रिकामी. पुढे एकीकडे तिचा शोध, आणि दुसरीकडे माहूत व त्याची बायको चन्नम्मा यांच्या सोबतीला लागलेले शास्त्रीबुवा. चन्नम्मा कन्नड बोलणारी, गरीब, स्वतःच्या पोटाची चिंता असलेली. ती या पाहुण्याला खाऊ घालते, सावरते. आणि तो तिला आई समजू लागतो.

हरवलेला म्हातारा वाट चुकलेला असतो, असे आपण समजतो. पुष्कळदा तो वाट चुकलेला नसतो. तो कोठे तरी निघालेला असतो. शास्त्रीबुवा हत्तीकडे निघाले, आमचे फिटर अप्पा पाळीला. याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. अल्झायमरच्या व्याधीत मेंदूचा जो भाग आधी झिजतो, तो नव्या अनुभवाची नोंद करून घेण्याचा. त्यामुळे ‘मुलगी पाच मिनिटांत येते म्हणाली’ ही नोंद होतच नाही. ती विसरली गेली असे म्हणणेही बरोबर नाही. जुने मात्र पुष्कळ काळ टिकते, आणि त्यातही वारंवार घोकलेले, अंगवळणी पडलेले सर्वांत जास्त टिकते. म्हणून स्वतःचे नाव सांगता न येणारे शास्त्रीबुवा संस्कृत वचने अचूक म्हणतात, आणि हे पटकथेतील नाट्य नव्हे, घरोघरचा अनुभव आहे. ज्या आजीला सकाळचे जेवण आठवत नाही ती हरिपाठ चुकत नाही. घरचे लोक याचा उलटा अर्थ घेतात: हे आठवते आणि ते आठवत नाही, म्हणजे म्हातारा सोंग करतो आहे. अशा किती संशयांपायी किती घरांतून कडू शब्द बोलले गेले असतील!

दुसरी गोष्ट चन्नम्माची, आणि या चित्रपटाचा गाभा आम्हांला तीत दिसतो. चन्नम्माला जे सहज जमते ते इराला का जमत नाही? इरा वाईट मुलगी नाही, शिकलेली आहे, बापावर तिचा जीव आहे. पण तिच्यापाशी तुलना आहे. तिच्या समोरचा माणूस दर क्षणी त्या जुन्या तेजस्वी पंडिताशी ताडून पाहिला जातो आणि दर क्षणी कमी पडतो. चन्नम्माने त्या पंडिताला कधी पाहिलेलेच नाही. तिच्या लेखी हा एक भुकेला, भांबावलेला म्हातारा आहे. त्याला भूक लागली तर खायला द्यावे, भ्याला तर जवळ बसावे. मुलगी बाप गमावते आहे. चन्नम्मा काहीच गमावत नाही. जिवंत माणसाचे सुतक मनातल्या मनात पाळीत त्याच माणसाला भरवावे लागते, यातच सांभाळणाऱ्याचा निम्मा थकवा आहे. कामाला ठेवलेली बाई आजोबांशी हसतखेळत वागते आणि आपण मात्र करवादतो, असे पाहून पुष्कळ मुली स्वतःला दोष देतात. त्यांनी ‘अस्तु’ पाहावा. तेथे इरेची चिडचिड, लाज, आणि ‘यातून सुटका होईल का’ हा मनात येऊन दडपलेला विचार, यांतले काही लपवलेले नाही. तिला कोणी खलनायिकाही केलेले नाही. शेवट आम्ही सांगत नाही; ज्यांनी पाहिला नाही त्यांच्या आनंदावर कशाला विरजण घाला.

आरंभी सांगितलेला कन्नड चित्रपटही याच घटनेवर उभा आहे. तेथेही बाप मुलाबरोबर खरेदीला बाहेर पडलेला असताना हरवतो. फरक असा की त्या मुलाला नोकरीची घाई आहे आणि बापाला त्याने एका संस्थेत ठेवलेले आहे. त्यात गुंडांची एक उपकथा आहे, ती आम्हांला लांबलेली वाटली. पण बापाला शोधता शोधता मुलगा त्याच्या जुन्या प्रेमाच्या, संसाराच्या गोष्टी प्रथमच ऐकतो, तो भाग सच्चा आहे.

या सर्व चित्रपटांत आपण सांभाळणाऱ्याच्या बाजूला बसलेलो असतो. २०२० सालच्या ‘द फादर’ या इंग्रजी चित्रपटाने खुर्ची उचलून पलीकडे ठेवली. फ्लोरियान झेलर यांचे मूळ फ्रेंच नाटक २०१२ सालचे, चित्रपटही त्यांचाच. त्र्याऐंशीव्या वर्षी अँथनी हॉपकिन्स यांना यासाठी ऑस्कर मिळाले. म्हातारा आपल्या घरात बसला आहे. थोड्या वेळाने तेच घर, पण सामान निराळे, भिंतीचा रंग निराळा. मुलगी म्हणून दारातून येते ती बाई दुसरीच. प्रेक्षक गोंधळतो, आपल्याकडून काही पाहायचे राहिले काय, असे त्याला वाटते, आणि मग उमगते की हा माणूस दिवसभर असाच बसलेला असतो. त्याचे मनगटी घड्याळ सापडत नाही. ते त्याने स्वतःच लपवून ठेवलेले असते, पण आळ येतो सांभाळणाऱ्या बाईवर.

चोरीचा हा आळ ज्याने घरात ऐकला आहे त्याला त्याची धार ठाऊक आहे. “माझ्या पाटल्या सुनेने घेतल्या” असे सासूने शेजारणीला सांगितले की वर्षांची सेवा मातीमोल होते. पण त्या बिचारीकडून पाहा: वस्तू ठेवल्याची नोंदच मनात नाही, आणि वस्तू तर जागेवर नाही. यातून निघणारा तर्कशुद्ध निष्कर्ष एकच, कोणी तरी नेली. तेथे तिचा तर्क शाबूत आहे, नोंदवही कोरी आहे. “मी घेतली नाही” असे शपथेवर सांगण्यापेक्षा “चला आई, दोघी मिळून शोधू” हे अधिक चालते, आणि लपवण्याच्या ठरलेल्या दोन-तीन जागा घरच्यांना लवकरच पाठ होतात.

चित्रपट काय दाखवीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नाही तर सोबतीऐवजी फसवणूक पदरी येईल. दोन तासांत व्याधी सुरू होते आणि टोकाला जाते. प्रत्यक्षात ती आठ-दहा वर्षेही चालते, आणि बहुतेक दिवस अगदी नीरस असतात. पडद्यावर शेवटी ओळखीचा एक क्षण येतो, डोळे भरून येतात. घरी तो येईलच असे नाही, आणि आला तर दुपारी तीन वाजता, तुम्ही भांडी घाशीत असताना येऊन जातो. शौचाचे, रात्रीच्या जागरणाचे, ‘पैसे मी पाठवतो, तू फक्त बघ’ म्हणणाऱ्या दूरच्या भावाचे प्रसंग पटकथेत क्वचित बसतात.

आणखी एक गोष्ट पडद्यावरून हमखास चुकीची शिकली जाते. तेथे एका प्रसंगात म्हातारा एकाएकी बिघडतो आणि आपण ते व्याधीचे पुढचे पाऊल समजतो. अल्झायमरची चाल संथ असते, महिन्यामहिन्यांची. घरातले वडील दोन दिवसांत एकदम बरळू लागले, दिवसा पेंगू लागले, भिंतीवर माणसे दिसू लागली, तर ते बहुधा निराळे काही असते: लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, नवे औषध, शरीरातील पाणी कमी होणे. हे तातडीने डॉक्टरांना दाखवायचे असते, आणि ते पुष्कळदा उतरते. त्याचप्रमाणे आरंभीच्या विसराळूपणात बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी आधी करतात, कारण त्यांची कमतरता भरून काढता येते.

‘अस्तु’चे प्रयोग डॉ. आगाशे यांनी गावोगावी आणि परदेशांतही केले, आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी चर्चा ठेवली. हा प्रकार आम्हांला चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो. एरवी दिवे लागले की माणसे चपला शोधतात.

फिटर अप्पांच्या सुनेने हे दोन्ही चित्रपट, ‘अस्तु’ आणि तो कन्नड, रात्री ते झोपल्यावर पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने वही काढली. हरवलेच तर काय सांगायचे, म्हणून आधीच लिहून ठेवू, हा तिचा हेतू. उंची, रंग, बांधा लिहून झाले. मग ओळखीची खूण. तेथे ती अडली; वीस वर्षे एका घरात राहून तिला खूण सांगता येईना. ती त्यांच्यापाशी जाऊन बसली, हात हातात घेतला, तो डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण. “अप्पा, हे काय हो?” अप्पा त्या दिवशी तिला ‘ताई’ म्हणत होते. त्यांनी अंगठा उजेडात धरला आणि कोणते यंत्र, कोणता फोरमन, रात्रपाळी कोणती, पट्टा कसा सुटला, दवाखान्यात कोणी नेले, सगळे सांगितले, एक नाव न चुकता. गोष्ट संपली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिने वहीत लिहिले: डाव्या अंगठ्यावर जुना व्रण. मग थोडा विचार करून, त्या फोरमनचे नावही लिहून ठेवले.